सराफाला एका दमात कळेल असं वाक्य: फ्रीलान्स फोटोग्राफरनं स्वतःची ओळख कशी लिहावी

गेल्या पावसाळ्यात भुसावळचा एक धाकटा मित्र मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आला. तो चार वर्षं लग्नं शूट करतोय, हात चांगला आहे. पण आषाढी झाली की मुहूर्त थांबतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि त्या महिन्यांत आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचेच कॅमेरे बॅगेत पडून असतात. त्या रिकाम्या दिवसांत त्यानं दोन सराफांच्या दागिन्यांचे फोटो काढून दिले होते. दोघंही खूश होते. त्यांतल्या एकानं त्याचा नंबर जळगावच्या सराफ बाजारातल्या आपल्या ओळखीच्या दुकानदाराला पाठवला. त्या दुकानदाराचा मेसेज आला, "आपण नेमकं काय करता?" मित्रानं उत्तर दिलं, "फोटोग्राफी करतो शेठ." पुढे काहीच आलं नाही.

मी त्याचं इन्स्टाग्राम उघडलं. नावाखाली लिहिलं होतं: "क्षणांना कायमचं टिपणारा | वेडिंग | प्री-वेडिंग | बेबी शूट | प्रॉडक्ट | ड्रोन | बुकिंगसाठी डीएम करा". व्हॉट्सॲपच्या माहितीच्या ओळीत त्याहून कमी होतं, नुसतं "फोटोग्राफी इज माय पॅशन". शेठनं प्रश्न विचारण्याआधी हे पाहिलं असणार. पाहिलं म्हणूनच विचारलं.

त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्याच्यासाठी एक वाक्य तयार करायला घेतलं. त्याला दोन बैठका लागल्या आणि मध्ये एक आठवडा गेला. ते वाक्य कसं घडलं, तेच इथे क्रमानं सांगतो. दागिन्यांचं काम करत नसाल तरी चालेल, पावलं तीच आहेत.

आधी वाचणारा ठरवा, मग वाक्य

मित्राचं पहिलं म्हणणं असं की ओळ सगळ्यांसाठी हवी, लग्नवाल्यांसाठीही आणि सराफांसाठीही. माझं मत उलटं पडलं. एका वाक्यात एकच माणूस मावतो. लग्नाची चौकशी त्याला आधीच नातेवाईक, मांडववाले, बँडवाले यांच्याकडून येत होती. ती ओळ वाचून येत नव्हती. ओळीची गरज होती ती अनोळखी सराफासमोर. म्हणून ओळ सराफाला द्यायची, आणि लग्नाचं काम त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर नि पाहुण्यांच्या तोंडी चालू राहू द्यायचं, असं ठरलं.

आता हा सराफ वाचतो कधी? गिऱ्हाईक समोर नसेल तेव्हा, काउंटरवर, चष्मा वर करून. कुणीतरी नंबर पाठवलेला असतो. तो आधी डीपी बघतो, मग नाव, मग त्याखालची ओळ. त्याच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो: या पोराला बोलावलं तर माझं काम होईल का, आणि काही लफडं तर नाही ना होणार? "क्षणांना कायमचं टिपणारा" हे वाक्य त्याच्या प्रश्नाच्या जवळपासही जात नाही.

तुमचा वाचणारा केळीचा निर्यातदार असेल, शाळेचा मुख्याध्यापक असेल किंवा नवरीचा मोठा भाऊ असेल, हे चित्र आधी स्वतःशी उभं करा. तो कुठे बसलाय, फोन कुणी दिला, आणि त्याला भीती कशाची वाटतेय. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण वाक्यातला सगळ्यांत मोलाचा शब्द बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

कच्चा माल जुन्या चॅटमध्ये असतो

ओळ सुचत नाही म्हणून लोक दुसऱ्या फोटोग्राफरांच्या ओळी बघत बसतात. तिथे मिळणारं सगळं आधीच उष्टं झालेलं असतं. आपलं मोल काय, ते आपल्या गिऱ्हाइकानं आपल्याला आधीच लिहून पाठवलेलं असतं. फक्त ते आपण तशा नजरेनं वाचलेलं नसतं.

मी मित्राला दोन्ही सराफांच्या चॅट पहिल्या मेसेजपासून वाचायला लावल्या आणि कागदाचे दोन भाग केले. डावीकडे काम ठरण्याआधी त्यांनी काय विचारलं, उजवीकडे काम झाल्यावर काय म्हणाले. शब्द त्यांचेच ठेवायचे, आपल्या भाषेत सुधारून लिहायचे नाहीत.

डावीकडे हे आलं: "माल तुमच्याकडे आणावा लागेल का?" "दुकानातच होईल का, बाहेर देत नाही आम्ही." "मागच्या वेळी एकानं काढले, सगळं सोनं हिरवट आलं." "किती दिवस लागतील?" उजवीकडे: "रंग बरोबर आला." "संध्याकाळीच गिऱ्हाइकाला पाठवले, बरं झालं." दुसऱ्या सराफाचा शेवटचा मेसेज होता, "पोरांना काम थांबवावं लागलं नाही."

मित्रानं हा कागद वाचला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य असं होतं: "पण दुकानात जाऊन काढणं ही माझी मजबुरी आहे, माझ्याकडे स्टुडिओच नाहीये." मला वाटतं, या सगळ्या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण हाच होता. ज्याला तो आपली कमतरता समजत होता, ती सराफाच्या लेखी पहिली अट होती. सोनं दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाऊ नये, यासाठी सराफ काय काय करतो हे आपण सगळे जाणतो. जो फोटोग्राफर स्वतःच आपल्या दिव्यांसह येऊन बसतो, त्यानं अर्धी भीती काढून टाकलेली असते. स्टुडिओ नसल्याची लाज वाटून मित्रानं ही गोष्ट कुठेच लिहिली नव्हती.

ज्यांनी अजून या क्षेत्रात एकही काम केलेलं नाही, त्यांच्याकडे चॅट नसणार. त्यांनी दोन दुकानदारांना भेटून एवढंच विचारावं: मागच्या वेळी फोटो काढून घेतले तेव्हा काय त्रास झाला? उत्तर लिहून घ्यावं. काम मागायला गेलो नाही हे आधीच सांगितलं की लोक मोकळेपणानं बोलतात.

लांबलचक, बेढब वाक्य आधी लिहून टाका

पहिल्याच फटक्यात सुबक ओळ लिहायला गेलं की हात पुन्हा "पॅशन" आणि "क्षण" या शब्दांकडे जातो. म्हणून आधी सगळं ओतून टाकायचं. मित्रानं लिहिलं:

"मी जळगाव आणि भुसावळमधल्या सोन्याचांदीच्या दुकानदारांसाठी त्यांचा माल बाहेर न नेता त्यांच्याच दुकानात माझे स्वतःचे लाईट लावून दागिन्यांचे दर्जेदार आणि आकर्षक फोटो काढतो, ज्यात सोन्याचा रंग हातातल्या दागिन्यासारखाच दिसतो, आणि ते फोटो शक्यतो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर वापरता येतील असे तयार करून देतो."

वाक्य अवजड आहे, पण त्यात पाच खऱ्या गोष्टी आल्या: कुणासाठी, कुठे, काय, कसं आणि किती वेळात. आता कात्री चालवायची.

मी एक साधी कसोटी लावतो. प्रत्येक विशेषण उलटं करून बघायचं आणि विचारायचं, हे उलटं कुणी स्वतःबद्दल लिहील का? "निकृष्ट आणि अनाकर्षक फोटो काढतो" असं जगात कुणी लिहिणार नाही. मग "दर्जेदार आणि आकर्षक" लिहूनही वाचणाऱ्याला नवीन काही कळत नाही, ते दोन्ही शब्द गेले. "दुकानात येऊन" याचं उलटं "स्टुडिओत बोलावून" असं होतं. ते लिहिणारे लोक आहेत आणि त्यात काही गैरही नाही. म्हणजे या शब्दानं खरंच दोन माणसांत फरक दाखवला. तो राहिला. "माझे स्वतःचे लाईट लावून" हे मित्राला फार प्रिय होतं, कारण त्यानं ते लाईट हप्त्यानं घेतलेत. पण सराफाला दिव्यांशी देणंघेणं नाही, त्याला रंगाशी आहे. ते काढलं. कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, "फोर-के" हे सगळं याच कारणानं जातं.

"शक्यतो" हा शब्द मात्र नुसता खोडून चालणार नव्हता.

दिलेला शब्द आधी घड्याळावर तपासा

इथे मी माझ्या बाबतीत घडलेलं त्याला सांगितलं. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळीत "४८ तासांत फोटो" असं होतं. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात एकाच वेळी तीन दुकानांचं काम आलं, आणि एका दुकानाचे फोटो सणाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचले. आपल्याकडे आखाजीला सोनं घेतात. दुसऱ्या दिवशी त्या फोटोंचा उपयोग काय? ते दुकान पुन्हा माझ्याकडे आलं नाही. मी काम वाईट केलं नव्हतं, पण ओळीत दिलेला शब्द मोडला होता, आणि ते लोक माझ्या ओळीवर विसंबले होते.

म्हणून मित्राच्या "त्याच दिवशी" या शब्दाचा आम्ही हिशेब मांडला. त्याच्या दोन कामांतल्या फोटोंच्या वेळा फाईलमध्ये होत्याच. टेबल मांडणं, लाईट लावणं, रंगाची पहिली चाचणी याला ४५ मिनिटं. अंगठी, कानातलं, पेंडंट अशा छोट्या दागिन्याला सरासरी ६ मिनिटं. हार, कंबरपट्टा अशा मोठ्या दागिन्याला १५, कारण त्यात प्रत्येक मण्यात दिव्याचं आणि छताचं प्रतिबिंब दिसतं आणि ते घालवायला पांढरा कागद सारखा इकडेतिकडे हलवावा लागतो. नंतर धूळ आणि बोटांचे ठसे साफ करणं, फोटो कापून आकारात आणणं याला दागिन्यामागे ४ मिनिटं. आता २० दागिने धरा, १४ छोटे आणि ६ मोठे. ८४ आणि ९० मिळून १७४ मिनिटं, त्यात मांडणीची ४५ आणि सफाईची ८० मिळवली की २९९, म्हणजे पाच तास. सकाळी ११ ला सुरू केलं, मध्ये जेवण झालं, गिऱ्हाईक आल्यावर दोनदा दागिना उचलून द्यावा लागला, तरी संध्याकाळी सहा-साडेसहाला फोटो हातात. चाळीस दागिने असतील तर हे शक्य नाही.

तेव्हा वाक्यात "त्याच संध्याकाळी" ठेवायचं का? मी ठेवायला सांगितलं, कारण त्याची दोन्ही कामं वीसच्या आतली होती आणि लहान दुकानं एका वेळी साधारण तेवढाच नवा माल दाखवतात. पण चौकशी आली की पहिल्याच उत्तरात हे जायला हवं: "२० दागिन्यांपर्यंत त्याच संध्याकाळी, त्यापुढचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत." ही मर्यादा ओळीत कोंबली तर ओळ नियमावलीसारखी वाटते. पैसे ठरण्याआधी ती सांगितली नाही, तर मात्र ओळ खोटी ठरते.

रंगाचा शब्द याहून नाजूक होता. "सोन्याचा रंग हातातल्या दागिन्यासारखाच दिसतो" हे ऐकायला छान आहे, पण ते फोटोग्राफरच्या हातात नाही. तोच फोटो एका मोबाईलवर पिवळाधमक दिसतो, दुसऱ्यावर फिका. शेठच्या गिऱ्हाइकानं जुन्या फोनवर बघून "हा तर तांबूस आहे" म्हटलं, तर भांडण आपल्या वाक्याशी होणार.

मग मित्राच्या हातात काय आहे? सोनं हिरवट येतं ते बहुतेक दोन तऱ्हेच्या उजेडामुळे. दुकानात वरून पिवळे फोकस असतात, बाजूला पांढऱ्या ट्यूब असतात, आणि कॅमेरा स्वतःच रंग ठरवायला गेला की दोघांमध्ये अडखळतो. मित्र टेबलावरचे फोकस बंद करायला सांगतो, फक्त आपले एकाच जातीचे दिवे ठेवतो, पहिला फोटो राखाडी कार्डाचा काढून त्यावरून व्हाइट बॅलन्स बांधून घेतो. मग दागिना लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरून, शेठला दाखवून, रंग जुळवतो. तांब्याचं प्रमाण जास्त असलेलं सोनं लालसर असतं, ते लालसरच ठेवतो. तिथे शेठनं "हां, हाच रंग" म्हटलं की बाकी सगळ्या फोटोंना तीच दुरुस्ती लागू होते. ही सगळी कृती त्याच्या ताब्यात आहे. म्हणून वाक्यात "रंग दागिन्याशी जुळवतो" एवढंच लिहायचं. परिणामाची हमी देण्यापेक्षा आपण करतो ती कृती सांगावी. ती खरी असते, आणि सराफाला तिच्यातच जास्त भरवसा वाटतो, कारण त्याचा स्वतःचा धंदाही कसोटीवर घासून बघण्याचा आहे.

मराठीतले काही बारकावे

"मी" लिहायची गरज नाही. "काढतो" म्हटलं की कर्ता आलाच. बाई फोटोग्राफर असेल तर "काढते". आणि इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: हळदीचे, न्हाणाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढणाऱ्या मुलींसाठी हा "ते" फार कामाचा आहे. अनेक घरांना त्या कार्यक्रमात बाईच फोटोग्राफर हवी असते. "महिला फोटोग्राफर" असे दोन शब्द खर्च न करता क्रियापदच ते सांगून जातं.

"आम्ही", "आमची टीम" हे एकट्या माणसानं लिहू नये. शेठ दारात तीन माणसांची वाट बघतो आणि एकटा पोरगा बॅग घेऊन येतो, तेव्हा पहिल्याच मिनिटाला शंका सुरू होते.

इंग्रजीतून उचललेली "आठवणी जपणारा", "प्रकाशाशी खेळणारा" ही रूपकं टाळा. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांचं नाव खान्देशात आजही निघतं. चाळीसगावच्या बंगल्यातून ते वर्षानुवर्षं बाहेर पडले नाहीत, तरी त्यांची ओळख सांगताना लोक "टेबल-टॉप फोटोग्राफी" असंच म्हणतात. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खं दृश्य उभं करणारा माणूस, ही नेमकी गोष्ट आहे. मोठ्या कलावंतालाही लोक त्याच्या नेमक्या कामानं लक्षात ठेवतात, हे मित्राला पटवायला मला हे उदाहरण उपयोगी पडलं.

आणि "तुमच्या" की "सराफांच्या"? हा प्रश्न पुढच्या पायरीवर आपोआप सुटला.

तिघांना वाचून दाखवा, आणि गप्प बसा

पहिल्या बैठकीच्या शेवटी ओळ अशी होती: "जळगाव-भुसावळच्या सराफांसाठी दुकानातच दागिन्यांचे फोटो काढतो, रंग दागिन्याशी जुळवतो आणि त्याच संध्याकाळी पाठवतो." आम्हा दोघांना ती पूर्ण वाटली.

मी त्याला एक काम दिलं. तीन माणसांना ओळ एकदाच दाखवायची, फोन काढून घ्यायचा आणि विचारायचं: हा माणूस काय करतो, कुणासाठी, आणि याच्याकडे का जावं? समजावून सांगायचं नाही. त्यानं एका सराफाच्या मुलाला, एका मेडिकलवाल्याला आणि आपल्या आत्याला विचारलं. मेडिकलवाला म्हणाला, "याचं दागिन्यांच्या फोटोचं दुकान आहे, तिथे माल न्यायचा." आत्याही तेच म्हणाली. सराफाच्या मुलाला कळलं, पण तोही क्षणभर थांबला.

"दुकानातच" म्हणजे कुणाच्या दुकानात? आम्हाला संदर्भ माहीत होता म्हणून दिसलं नाही. नेमका जो शब्द सराफाची भीती घालवणार होता, तोच ती वाढवत होता. ही चूक लिहिणाऱ्याला स्वतःला सापडणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून ही पायरी गाळू नका. घरातल्या कुणाला "कसं वाटतं?" विचारलं तर "छान आहे" एवढंच उत्तर येतं. "काय कळलं?" असं विचारावं लागतं.

"सराफांच्या दुकानात जाऊन" असं केलं तर अर्थ सरळ झाला, पण वाक्य वाचणाऱ्यापासून दूर गेलं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. शेवटी "तुमच्या सराफी दुकानात येऊन" असं केलं. "सराफी" या एका शब्दात कुणासाठी ते आलं, "तुमच्या"मध्ये कुणाचं दुकान ते आलं, आणि "येऊन"मध्ये माल हलणार नाही हे आलं. "सराफांसाठी" वेगळं लिहायची गरजच उरली नाही. तयार ओळ ही:

"जळगाव-भुसावळमध्ये तुमच्या सराफी दुकानात येऊन दागिन्यांचे फोटो काढतो, रंग दागिन्याशी जुळवतो आणि त्याच संध्याकाळी पाठवतो."

मोठ्यानं वाचून बघा, एका दमात होते. पुन्हा तिघांना दाखवली, या वेळी नव्या तिघांना, आणि तिघांनीही दुकान सराफाचं हे बरोबर सांगितलं.

मोजणी, आणि ओळ ठेवायची जागा

इन्स्टाग्रामच्या बायोला १५० चिन्हांची मर्यादा आहे, व्हॉट्सॲपच्या माहितीच्या ओळीला १३९. मराठीत इथे फसगत होते, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगवेगळं साठवलं जातं. "संध्याकाळी" आपल्या डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण ती दहा चिन्हं आहेत. जोडाक्षरांचे शब्द सगळ्यांत महाग पडतात. वरची ओळ पूर्णविराम धरून ११९ चिन्हांची आहे, म्हणजे दोन्हीकडे बसते. मोजत बसू नका, टाइप करताना उरलेला आकडा दिसतो तो बघा. फक्त ओळ लांब झाली म्हणून गावाचं नाव कापू नका. आधी "आणि"च्या जागी स्वल्पविराम द्या, मग बाकीचं बघा.

ओळ मराठीत ठेवली, पण शोधणारे लोक बरेचदा इंग्रजी अक्षरांत शोधतात. त्यासाठी वाक्य बिघडवायची गरज नाही. इन्स्टाग्रामवर नावाचा रकाना वेगळा असतो आणि शोधात तो धरला जातो. तिथे मित्रानं आपल्या नावापुढे हे टाकलं:

```
Jewellery Photographer Jalgaon
```

ओळीखाली दिसणारे पहिले फोटो तेच बोलले पाहिजेत जे ओळ बोलते. मित्राच्या पानावर वर नऊच्या नऊ फोटो हळदीचे होते. दागिन्यांची ओळ वाचून सराफ खाली बघतो आणि त्याला पिवळ्या अंगाची नवरी दिसते, मग ओळ कितीही नेमकी असली तरी उपयोग नाही. अडचण अशी होती की दोन्ही सराफांनी नवे डिझाईन बाहेर टाकू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते पाळायलाच हवं. मग त्यानं आईची पोत, मावशीची ठुशी आणि आत्याच्या जुन्या कुड्या घेऊन घरीच टेबल मांडलं आणि सहा फोटो तयार केले. जुन्या सोन्याचा रंग जुळवणं कठीण असतं, त्यामुळे ते फोटो नव्या मालापेक्षाही चांगला पुरावा ठरले.

ओळ लागू पडली की नाही, हे कसं कळेल

लाईक बघू नका. चौकशीतला पहिला प्रश्न बघा. महिनाभर प्रत्येक नव्या माणसाचा पहिला मेसेज जसाच्या तसा वहीत लिहून ठेवा. "काय काय शूट करता?" किंवा "स्टुडिओ कुठे आहे?" असं विचारलं जात असेल तर ओळ अजून कळत नाहीये, नाहीतर कुणी ती वाचतच नाहीये. प्रश्न पुढच्या टप्प्याचा यायला लागला, म्हणजे "किती दागिने होतील एका दिवसात?", "रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा येता का?", तर ओळीनं आपलं काम केलं असं समजा. नुसतं "रेट काय?" आलं तर त्यावरून काहीच ठरवू नका, तो प्रश्न सगळ्यांनाच येतो.

लग्नाचं काम करणाऱ्यांना हीच वही फार शिकवेल. आपल्याकडे लग्नाच्या गिऱ्हाइकाचा सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न फोटोच्या सौंदर्याबद्दल नसतोच. तो असतो, "अल्बम कवय भेटी भाऊ?" महिनोन्महिने अल्बमची वाट बघितलेल्या घरातून तो येतो. अमळनेर-पारोळा भागात काम करणारी एखादी फोटोग्राफर खरोखर एका महिन्यात अल्बम देत असेल, तर तिची ओळ अशी होऊ शकते: "अमळनेर-पारोळ्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचे फोटो काढते आणि छापील अल्बम ३० दिवसांत घरपोच देते." यात ३० हा आकडा तिनं स्वतःच्या मागच्या पाच-सहा लग्नांवरून काढलेला हवा, आणि तोही सर्वांत उशीर झालेल्या अल्बमचा. घरच्यांनी फोटो निवडायला लावलेला वेळ त्यात धरायचा की नाही, हे बुकिंगच्या वेळीच बोलून घ्यावं, कारण बहुतेक उशीर तिथेच होतो. दिवस फोटो निवडून दिल्यापासून मोजायचे असतील, तर ओळीतही "फोटो निवडून दिल्यावर ३० दिवसांत" असंच लिहावं.

मित्रानं ओळ बदलल्यानंतर त्या जळगावच्या शेठना स्वतःहून दुसरा मेसेज केला. त्यात त्यानं ती ओळ जशीच्या तशी टाकली, खाली ठुशीचा एक फोटो, आणि "२० दागिन्यांपर्यंत त्याच संध्याकाळी" ही मर्यादा. दुपारी उत्तर आलं, "फोकस बंद करावे लागतील का? गिऱ्हाइकी असते." त्यानं कळवलं की टेबलावरचे दोनच बंद ठेवावे लागतील, बाकी दुकान चालू राहील. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी तो सकाळी ११ ला तिथे टेबल मांडत होता.